फाटकी स्टेप फाईल परत एडिट होईल अशी कशी करायची: फटी बुजवू नका, शेजारचे सरफेस वाढवा

प्रश्न: दादा, मी वेर्ण्याला टूलरूममध्ये आहे. कस्टमरने प्लास्टिक कव्हरची स्टेप पाठवलीय, त्यांच्याकडे कॅटिया, आमच्याकडे सॉलिडवर्क्स. ओपन केली की सॉलिड येतच नाही, नुसते सरफेस, दोन फेस गायब आणि कडेला केसासारख्या बारीक पट्ट्या. Heal All मारलं तरी अर्धंच होतं. मला भिंत २ ची २.५ करायचीय आणि एक बॉस सरकवायचाय, पण ऑफसेट, शेल काहीच चालत नाही. चवथीच्या आधी कोअर-कॅव्हिटी सुरू करायचीय. काय करू?

उत्तर:

आधी Heal All वरचा हात काढ. ते बटण वाईट नाही, पण ते काय करतं हे कळल्याशिवाय मारलं तर नंतर चूक कुठे आहे ते शोधणं दुप्पट कठीण होतं. इम्पोर्ट केलेली मूळ फाईल `ref` वगैरे नावाने वेगळी सेव्ह करून ठेव आणि तिला हात लावू नकोस, शेवटी सगळी तुलना तिच्याशीच करायचीय.

आता स्टेप फाईल सरळ नोटपॅडमध्ये उघड. घाबरू नको, सगळी वाचायची नाही. पहिल्या काही ओळींत कुठल्या सॉफ्टवेअरमधून आली ते मिळतं, आणि दोन गोष्टी सर्च करायच्या. पहिली `MANIFOLD_SOLID_BREP`. ती मिळाली तर पाठवणाऱ्याकडे पार्ट सॉलिडच होता आणि बिघाड वाटेत झालाय. ती नाही, आणि `SHELL_BASED_SURFACE_MODEL` व `OPEN_SHELL` दिसतंय, तर त्याने सरफेसच एक्सपोर्ट केलेत, मग तू इथे रात्रभर बसण्यापेक्षा त्याला एक मेल टाकणं शहाणपणाचं. दुसरी गोष्ट ही ओळ:

```
UNCERTAINTY_MEASURE_WITH_UNIT(LENGTH_MEASURE(0.005),#5,
'distance_accuracy_value','CONFUSED CURVE UNCERTAINTY')
```

कॅटियातून आलेल्या फाईलमध्ये ही बहुतेक अशीच दिसते. अर्थ असा की पाठवणारा म्हणतोय, माझ्या दोन कडांमध्ये ०.००५ मिमी पर्यंत फरक असला तरी त्या एकच समजा. सॉलिडवर्क्सच्या खाली जो पॅरासॉलिड कर्नल आहे त्याचं स्वतःचं माप ०.००००१ मिमी, म्हणजे ५०० पट बारीक. त्यामुळे तिकडे जी कड चिकटलेली आहे ती इकडे उघडी दिसू शकते. बिघडलेल्या फायलींमधला बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो, पार्ट कोणी चुकीचा काढलेला असतोच असं नाही.

फेस गायब का होतो तेही याच्याशीच जोडलेलं आहे. स्टेपमध्ये फेस म्हणजे एक मोठा सरफेस आणि त्याला कापणारी कडांची साखळी. ती साखळी त्या सरफेसवर नीट बंद होत नसेल, स्वतःलाच छेदत असेल किंवा सरफेसची एक बाजू मिटून टोक झालेलं असेल, तर ट्रान्सलेटर तो फेस टाकून देतो. म्हणजे तुला दिसत नाही तो सरफेस फाईलमध्ये बरेचदा असतो! म्हणून तीच फाईल एकदा फ्रीकॅडमध्ये उघडून बघ, तिथे कर्नल वेगळा आहे आणि कधीकधी नेमका तो फेस तिथे येतो. आला तर तेवढा फेस सिलेक्ट करून Part मेनूतल्या `Create shape element copy` ने बाजूला काढ, वेगळा एक्सपोर्ट कर आणि इकडे आण. फुकटचा उपाय आहे, अंदाजाने पॅच बनवण्याआधी हा करून बघायचाच.

आता मुख्य काम. तुझा पार्ट मी बघितलेला नाही, पण असंच एक कव्हर माझ्याकडे आलं होतं, हातात धरायच्या मीटरचं, साधारण १४० बाय ८०, उंची ३० च्या आसपास, भिंत २, बाजूंना दीड डिग्री ड्राफ्ट, वरचा माथा थोडा फुगीर फ्रीफॉर्म, उभे कोपरे ४ चे आणि माथ्याच्या कडेला सगळीकडून ३ चा फिलेट. त्यावरच सांगतो, तुझं यापेक्षा फार वेगळं नसेल.

इम्पोर्ट करताना ऑप्शनमध्ये ऑटोमॅटिक हीलिंग बंद ठेव. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सरफेसच्या उघड्या कडा वेगळ्या रंगात दाखवायचा ऑप्शन आहे तो चालू कर, आणि `Import Diagnostics` उघडून फक्त यादी बघ. (ट्रीमध्ये इम्पोर्टच्या खाली दुसरं फीचर टाकलं असेल तर ते चालत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. ऑप्शन दिसतच नसेल तर `3D Interconnect` बंद करून परत इम्पोर्ट कर.) प्रत्येक उघड्या कडेवर जाऊन दोन्ही बाजूंमधलं अंतर तीन ठिकाणी मोज, सुरुवातीला, मध्ये, शेवटी. हे कंटाळवाणं आहे पण याच्यातूनच कळतं की कुठला रोग आहे. तिन्ही ठिकाणी अंतर जवळपास सारखं आणि ०.०२ च्या आत असेल तर ती नुसती टॉलरन्सची फट. एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला वाढत गेलेलं असेल तर तिथे पट्टीसारखा स्लिव्हर होता किंवा कोणतातरी फिलेट नीट संपलेला नाही. आणि कडांचा बंद लूप दिसतोय, आत भोक, तर तो गायब फेस.

त्या कव्हरवर तिन्ही निघाले. पार्टिंगच्या कडेला एक फट ०.०१८ ची, माथा आणि ३ च्या फिलेटमध्ये सुमारे ११ मिमी लांब आणि जाड बाजूला ०.०४ रुंद पट्टी, एका कोपऱ्यातला गोलाईचा फेस गायब, आणि बाजूला अंगठा टेकायला खोलगट जागा होती तिथलाही एक फेस गायब.

इथे बहुतेक जण काय करतात, `Knit Surface` मध्ये गॅपची मर्यादा ०.१ पर्यंत ओढतात, सगळं एका झटक्यात सॉलिड होतं आणि खुश होतात. ते सॉलिड नावापुरतं. कर्नलने ती कड टॉलरंट केलेली असते, म्हणजे रेषेच्या जागी ०.१ जाडीची नळी मानलेली असते. नुसतं बघायला, ड्रॉइंग काढायला चालेल, पण तिच्यावरून ऑफसेट किंवा फिलेट जाताना खरा छेद कुठे घ्यायचा ते त्याला कळत नाही आणि तो फेल होतो. शिवाय ०.१ पेक्षा छोट्या ज्या कडा शेजारी असतील त्या त्यातच गिळल्या जातात. पट्टीचंही तसंच. ०.०४ रुंदीचा फेस आत २.५ सरकवायचा म्हटलं की त्याचे दोन शेजारी आत जाऊन दुसरीकडेच भेटतात, मधल्या पट्टीला जागाच उरत नाही, लूप बंद होत नाही, शेल मेला. तुझा ऑफसेट याचमुळे अडतोय असं मला वाटतं.

म्हणून माझा नियम उलटा आहे. फट भरायची नाही, फटीच्या आजूबाजूचं खराब सगळं सढळ हाताने काढून टाकायचं, चांगले मोठे फेस वाढवायचे, त्यांना एकमेकांत कापायचं, की कड आपोआप खरी छेदरेषा होते. जुन्या भिंतीचं प्लास्टर ओल आलेल्या जागेपेक्षा हातभर जास्तच खरवडतात ना, तसं.

त्या कव्हरवर मी नुसती पट्टी काढली नाही, माथ्याच्या कडेचा ३ चा फिलेट पूर्ण फेरी काढला. कारण पट्टी ही फिलेट चुकल्याचं लक्षण होती, आणि कोपऱ्यातला जो गायब फेस होता तोही याच फिलेटचा तुकडा. फिलेटच गेला तर तो फेस बनवायची गरजच उरत नाही. गायब फेसपैकी बरेचसे असे गोलाईचेच असतात, ते हाताने पॅच करत बसणं म्हणजे फुकटची मेहनत.

पण काढण्याआधी रेडियस मोजून लिहून ठेव! कॅटियातून आलेला फिलेट इकडे बरेचदा नुसता स्प्लाइन सरफेस म्हणून येतो, क्लिक केलं तरी रेडियस दाखवत नाही, मग चार-सहा ठिकाणी सेक्शन काढून मोजावा लागतो. २.९८, ३.०१, ३.०० असं काही आलं तर तो सरळ ३ चा आहे, फरक नुसता अॅप्रॉक्सिमेशनचा. एका बाजूला ३ आणि दुसरीकडे हळूहळू २.४ झाला असेल तर तो व्हेरिएबल आहे, मग ती मापं जागेसकट हवीत.

पार्ट बऱ्यापैकी `Knit` झालेला असेल तर `Delete Face` मधलं `Delete and Patch` एकदा ट्राय कर, ते शेजारी वाढवणं आणि कापणं स्वतः करतं. भोकं असली की सहसा जमत नाही, मग हाताने. फिलेटचे फेस साधे `Delete` कर. माथ्यावर `Untrim Surface` लाव, आणि तिथे `External edges` निवड, म्हणजे माथ्यावरची मीटरच्या डिस्प्लेची खिडकी जशीच्या तशी राहते आणि फक्त बाहेरची कापणी उठते. वर म्हटलं तसं फेसच्या मागे मूळ सरफेस त्याच्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे अनट्रिममध्ये जो भाग परत येतो तो मूळ डिझायनरचाच सरफेस असतो, तुझा अंदाज नाही. तेवढाही पुरला नाही तरच `Extend Surface`. किती वाढवायचं तर जवळपास काटकोन आहे म्हणून फिलेटच्या स्पर्शरेषेपासून धारदार कड साधारण रेडियसएवढ्या, म्हणजे ३ मिमी अंतरावर येते, तर ५ वाढव आणि थांब. फ्रीफॉर्म सरफेस `Same surface` ने २०-३० मिमी वाढवला तर टोकाला तो वळून कुठच्या कुठे जातो, आणि ते लांबून लक्षात येत नाही.

बाजूच्या भिंती सपाट असल्यामुळे त्यांचा त्रास नाही, पाहिजे तेवढ्या वाढतात. उभे ४ चे कोपरेसुद्धा मी काढले, कारण एका कोपऱ्याची खालची बाजूच पार्टिंगवर ०.०१८ ने उघडी होती. चार भिंती एकमेकांत ट्रिम, मग माथ्याशी म्युच्युअल ट्रिम, खाली पार्टिंगच्या प्लेनशी ट्रिम. आता तुझ्याकडे बाहेरून एक धारदार कडांचा साधा डबा आहे, ज्याची एकही कड उसनी नाही. अंगठ्याची जागा सोडून.

ही जागा मात्र खरी डोकेदुखी. तो फ्रीफॉर्म फेस फ्रीकॅडमध्येही आला नव्हता, आणि भोक तीन बाजूंचं. तीन बाजूंच्या भोकात सरळ `Filled Surface` टाकला तर अरुंद टोकाला वक्रता वेडीवाकडी होऊ शकते आणि ऑफसेट परत तिथेच फाटू शकतो. उपाय असा की भोक मुद्दाम मोठं करायचं. ज्या टोकाला दोन कडा अरुंद होऊन भेटतात तिथले शेजारचे फेस मी ४ मिमी मागे कापले, म्हणजे भोक चार बाजूंचं झालं, मग `Boundary Surface` दोन्ही दिशांनी, ज्या बाजूला शेजारी गुळगुळीत मिळतो तिथे टँजंट आणि जिथे मुळात धार होती तिथे काहीच नाही. सगळीकडे कर्व्हेचर लावायचा मोह होतो, पण शेजाऱ्यांमध्येच तेवढी सफाई नसेल तर सरफेस मधेच फुगतो. झेब्रा लावून बघितलं की लगेच दिसतं, पट्टे शेजारून आत येताना तुटले नाहीत आणि मध्ये गोल बेटं तयार झाली नाहीत म्हणजे ठीक.

या पॅचच्या कडा जिथे जुन्या कडांवर आहेत तिथे त्या मूळच्या आहेत, पण आतला भाग आणि ते ४ मिमी हे आपण ठरवलेले. किती खोल, किती फुगीर, हे आता आपलं. ते कस्टमरला सांगायलाच हवं. त्यांच्याकडून त्याच पार्टची एसटीएल मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिच्यावर सेक्शन ठेवून पॅच किती बाहेर गेला ते मोजता येतं. (पार्ट सिमेट्रिक असेल तर दुसऱ्या बाजूचा चांगला फेस मिरर करायची आयडिया येतेच, पण आधी शेजारचा फेस मिरर करून तो समोरच्याशी बसतोय का बघ, दिसायला सारख्या बाजू मापात सारख्या असतीलच असं नाही.)

मग `Knit`. गॅपची मर्यादा आता अगदी कमी ठेव, ०.००५ च्या आत. जास्त ठेवावी लागतेय म्हणजे कुठेतरी ट्रिम चुकलाय, तो शोध, मर्यादा वाढवू नको. आतल्या बाजूलाही हीच रीत, आतल्या कडांचे आणि बॉस-रिबच्या मुळाशी असलेले फिलेट काढ, भिंती एकमेकांत ट्रिम कर, बाहेरच्या डब्याशी खालच्या कडेवर जोड आणि `Create solid`.

धारदार अवस्थेत असतानाच तुझे बदल कर, फिलेट परत टाकण्याआधी. बाहेरचं माप कस्टमरचं आहे, ते हलवायचं नाही, म्हणून भिंत आतून जाड करायची. आतल्या भिंती आणि आतला माथा सिलेक्ट करून `Move Face` मध्ये ०.५ ऑफसेट. बॉस आणि रिब मुळाशी आपोआप छोटे होतात, त्यांची टोकं जागेवर राहतात. बॉस सरकवायला त्याचे सगळे फेस, भोकासकट, घेऊन `Move Face` चं ट्रान्सलेट. बॉसला जोडलेली रिब असेल तर ती सोबत येणार नाही, आधी तोडून नंतर नवी काढ.

शेवटी फिलेट: आधी उभे ४ चे, मग माथ्याचा ३ चा. हा क्रम उलटा केलास तर कोपऱ्यात परत तसलीच तीन कोनी चिंधी तयार होण्याची शक्यता असते, मूळ फाईलमध्येही बहुधा तसंच काही झालं असावं. आतल्या कडेला हिशोब करून टाक, बाहेर ३ आणि भिंत २ म्हणून आत १ होता, आता भिंत २.५ म्हणजे ०.५. बाहेर कुठे २.५ पेक्षा लहान गोलाई असेल तर तिथे आत गोलाई उरतच नाही, नुसती धार येते. म्हणून `Check` मधलं किमान वक्रता-रेडियसचं माप आधीच बघून ठेव. कोअरवर ती बाहेरची कड असल्याने मशीनला अडचण नाही, पण प्लास्टिकला आत ०.५ चा कोपरा कमीच आहे, भिंत सगळीकडे सारखी राहण्यापेक्षा कोपरा मजबूत हवा असेल तर १ च ठेव आणि कस्टमरला कळव.

झालं का ते कसं ओळखायचं. `Check` चालव, चुकीचे फेस शून्य आणि उघड्या कडा शून्य हव्यात, आणि कमाल एज गॅपचा आकडा बघ, तो ०.०१ च्या वर असेल तर टॉलरंट कड कुठेतरी राहिलीय. मग पॅरासॉलिड `x_t` म्हणून सेव्ह करून नव्या फाईलमध्ये उघड, परत `Check`. मग खरी परीक्षा, कॉपीवर बाहेरचे सगळे फेस ०.५ ने आत ऑफसेट करून बघ. हे गेलं तर पार्ट बरा झाला, अडलं तर जिथे अडलं तिथेच रोग आहे. यानंतर `ref` फाईल त्याच ओरिजिनवर आणून पाच-सहा सेक्शन काप. बाहेरच्या दिसणाऱ्या फेसवर मी ०.०२ पर्यंत फरक सोडतो, पण जिथे दुसरा पार्ट बसतो आणि पार्टिंगची कड, तिथे फरक दिसलाच नाही पाहिजे. ही तुलना शिंकेजचा स्केल द्यायच्या आधी. एबीएसला ०.५ टक्के धरलास तर १४० लांबीवर ०.७ चा फरक पडतो, मग कशाची तुलना कशाशी करतोस तेच कळणार नाही.

हे सगळं खराब जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील तेव्हा. यादीत पन्नास-शंभर फॉल्टी फेस आणि बहुतेक सगळे फ्रीफॉर्म असतील तर हील करायला बसूच नको, कस्टमरकडे परत जा. "फाईल करप्ट आहे" असं लिहिलंस तर तो तीच परत पाठवेल, कारण त्याच्याकडे ती नीट उघडते. त्याला स्क्रीनशॉटवर गोल करून दाखव, सरफेस नाही तर सॉलिड बॉडी एपी२१४ किंवा एपी२४२ मध्ये एक्सपोर्ट कर म्हणून सांग, आणि जमलं तर माथ्याचा फिलेट सप्रेस करून दुसरी कॉपी माग. हे शेवटचं त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम, आणि तुझं अर्धं काम तिथेच संपतं. मेल आजच टाक, उत्तर येईपर्यंत अंगठ्याच्या जागेसारखं जे काही तुझ्या पार्टवर आहे ते सोडून बाकीचा डबा बांधायला घे. बॉसची नवी जागा आणि २.५ ची भिंत दोन्ही लेखी मान्य करून घेतल्याशिवाय स्टील कापू नको.